मीटिंगमध्ये सहकाऱ्यावर खेकसलो, आता एकट्यात माफी कशी मागू?

चाकण_शिफ्ट (मंगळवार, दुपारी १२:५०)

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना आहे. रोज सकाळी ९ वाजता प्रॉडक्शन मीटिंग असते आणि आज तिला ११ जण होते. क्वालिटीचे एक सिनियर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हुद्द्याने माझ्या खाली, वयाने चौदा वर्षांनी मोठे, ऑपरेटरपासून वर आलेले. त्यांनी सांगितलं की काल दुसऱ्या शिफ्टचे ३२० ब्रॅकेट होल्डवर टाकलेत, बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज येतोय. ट्रक ४ वाजताचा होता. मी म्हणालो, "हे आत्ता सांगताय? रात्री झोपला होतात काय? तुमचं डिपार्टमेंट फक्त अडवायलाच बसलंय." ते खाली बघत राहिले आणि मीटिंग पुढे सरकली.

नंतर ग्रुप उघडला तर रात्री १०:४२ चा त्यांचा मेसेज होता, फोटोसकट. ग्रुप मी म्यूट केलेला. जनरल शिफ्ट करून घरी गेलेला माणूस इन्स्पेक्टरच्या फोनवरून रात्री होल्ड टाकतो आणि कळवतोही.

हा मेसेज लिहून ठेवलाय, पाठवू का?

"अण्णा, सकाळी मीटिंगमध्ये जरा आवाज चढला. डिस्पॅचचं टेन्शन होतं, वरून फोन येत होते. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी. पण होल्डचं थोडं लवकर कळलं असतं तर हे झालंच नसतं. मनात ठेवू नका."

---

वसंतराव_नाशिक (१२:५८)

पाठवून टाका. माफी गरम गरमच द्यायची असते, तासाभरात नाही दिली तर तिला काही अर्थ राहत नाही. आणि अपमान ११ जणांसमोर केलात ना, मग माफीही त्याच ११ जणांसमोर मागा. ग्रुपवर टाका, विषय संपला.

---

निरगाठ (१:१५)

थांबा, पाठवू नका. पाच वाक्यं आहेत आणि पाचही बिघडलेली आहेत. प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने बिघडलंय, म्हणून एकेक बघू.

"जरा आवाज चढला." मराठीत ही मोठी सोय आहे. आवाज चढतो, राग येतो, तोंडातून निघून जातं, चूक होते. या सगळ्यात करणारा माणूसच नाही, जसा पाऊस पडतो तसा आवाज चढतो. "मी आवाज चढवला" म्हणून बघा, लगेच घशाला अडकेल. घशाला अडकणारं वाक्य तेच बरोबर वाक्य. शिवाय "जरा" किती होतं हे अण्णांनी ठरवायचं, तुम्ही नाही.

"टेन्शन होतं, वरून फोन येत होते." हे खरं असेल, पण ते न विचारता आलेलं आहे. अण्णांना टेन्शन नव्हतं का? उलट होल्ड टाकणाऱ्यालाच जास्त, कारण ट्रक त्याच्या सहीमुळे थांबतो. कारण सांगूच नये असं नाही. त्यांनी "एवढं काय झालं होतं?" असं विचारलं तर एका वाक्यात सांगा. आधी माफी, मग विचारलंच तर कारण. कारण आधी आलं की पुढची माफी त्याची शेपटी होऊन जाते.

"वाईट वाटलं असेल तर." हा "तर" काढला नाहीत तर बाकी कितीही चांगलं लिहा, उपयोग नाही. चूक तुमच्या बोलण्यात होती, तुम्ही ती त्यांच्या वाटण्यात नेऊन ठेवलीत. एखाद्याच्या पायावर पाय देऊन "दुखलं असेल तर सॉरी" म्हणतात तसं.

"पण लवकर कळलं असतं तर." यात तुम्ही पुन्हा तोच आरोप केलाय, आणि तो खोटा आहे हे तुम्हीच वर लिहिलंय. १०:४२ ला कळवलं होतं. हे एक वाक्य गेलं असतं तर सकाळपेक्षा मोठी गोष्ट झाली असती, कारण सकाळी तुम्हाला माहीत नव्हतं आणि आता आहे.

"मनात ठेवू नका." मनात ठेवायचं की नाही हा त्यांचा अधिकार आहे. माफी मागणारा सूचना देत नाही.

---

मुक्ता_प (१:२४)

निरगाठ यांच्याशी सहमत. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग वेगळे करून लोकांना तपासायला दिले होते: खेद, कारण, जबाबदारी घेणं, पुन्हा न करण्याचं वचन, नुकसान भरून देणं आणि क्षमेची विनंती. सगळ्यात वजनदार ठरलं "चूक माझी आहे", त्याच्या खालोखाल "मी ते दुरुस्त करतो". तळाला "मला क्षमा करा". आपण नेमकं तळाचंच तेवढं बोलतो.

एक सांगून ठेवते, ते प्रयोग कागदावरच्या प्रसंगावर होते. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराची जुनी चूक निघते आणि तो माफी मागतो, असं लोकांनी वाचून गुण द्यायचे होते. समोर वीस वर्षं ओळखीचा माणूस बसलाय, हे त्यात नाही. पण मेसेजमध्ये नेमके तेच दोन वजनदार भाग नाहीत, एवढं तरी त्यावरून दिसतं.

---

स्पिंडल (१:३१)

बोअर ओव्हरसाइज किती आहे? आणि सगळे ३२० एकसारखे आहेत का? कापणारा इन्सर्ट झिजला असता तर बोअर लहान येत गेला असता, मोठा नाही. एकदम मोठा आणि सगळे सारखे असतील तर इन्सर्ट बदलल्यावर कुणीतरी ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरायचा टूलच्या मापाचा आकडा, चुकीचा टाकलाय. रिवर्क होणार नाही, मटेरियल एकदा गेलं की गेलं. ग्राहकाने डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल घ्यायची सूट, दिलं तर भोकात बुश मारून वाचतील. आधी होल्डचा कागद टाका इथे.

---

चाकण_शिफ्ट (१:३६)

स्पिंडल, धागा माफीचा आहे हो. पण तुमचं बरोबर आहे, काल रात्री ८:५० ला इन्सर्ट बदललाय आणि ऑफसेट आमच्या माणसाने टाकलाय. प्रॉडक्शनच्या.

---

निरगाठ (१:४०)

स्पिंडल यांनी चुकून महत्त्वाचंच काढलं. मूळ चूक तुमच्या विभागाची, ती पकडली अण्णांच्या विभागाने, कळवली वेळेत, आणि बोलणी त्यांनाच बसली. म्हणजे माफीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत: ज्या सुरात बोललात तो, आणि जो आरोप केलात तो. सुराची माफी एकट्यात मागून भागते. आरोपाचं तसं नाही, तो बाकीच्या नऊ जणांच्या डोक्यात अजून खरा आहे. यावर नंतर येऊ.

वसंतराव, तासाभरात मागायची यात निम्मं खरं आहे. दिवसेंदिवस लांबवलं की माणूस धरून चालतो की याला काही वाटतच नाही. पण फार लवकर मागितलेलीही फुकट जाते. फ्रँझ आणि बेनिग्सन यांचा २००५ चा अभ्यास नेमका यावर आहे. ज्याला लागलंय त्याला आपलं म्हणणं मांडायला मिळालं आणि ते समोरच्याला कळलंय असं वाटलं, की त्यानंतर आलेली माफी जास्त पोचते. दहाव्या मिनिटाला आलेली माफी म्हणजे बहुतेक वेळा "आता तू काही बोलू नकोस" असंच असतं.

आणि ग्रुपवर माफी? नको. अण्णांना त्यावर सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागेल. उत्तर एकच असतं, हात जोडल्याची खूण. ती त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखी होते.

---

वसंतराव_नाशिक (१:४८)

अभ्यास तुमचे असतील, पण रात्रभर माणूस घरी तळमळतो त्याचं काय? आजचं आजच व्हायला हवं.

---

निरगाठ (१:५५)

आजच व्हावं यात वाद नाहीच. कुठल्या वेळी, एवढंच ठरवायचंय. ट्रक ४ चा. चारपर्यंत तुमच्या दोघांच्याही डोक्यात ३२० ब्रॅकेटच असणार. जनरल शिफ्ट कधी सुटते?

---

चाकण_शिफ्ट (१:५८)

साडेपाचला. बस ५:४० ची.

---

निरगाठ (२:०६)

मग पावणेपाचच्या आसपास. सव्वापाचनंतर नाही, कारण तेव्हा माणूस डबा आवरत असतो, लक्ष बसकडे असतं आणि "बरं बरं, ठीक आहे" म्हणून सुटका करून घेतो. पावणेपाचला गेलात तर त्यांना बोलायचं असेल तेवढं बोलायला वेळ राहतो. नसेल बोलायचं तर तीन मिनिटांत संपतं.

व्हॉट्सॲप वापरा, पण फक्त वेळ ठरवायला. "अण्णा, पावणेपाचला पाच मिनिटं भेटायचंय, सकाळच्या माझ्या बोलण्याबद्दल. तुमच्याकडेच येतो." विषय लिहायचा. नुसतं "भेटा जरा" लिहिलंत तर साहेबाने बोलावलंय, आता आणखी काय, या धास्तीत त्यांची दुपार जाईल.

---

खारे_दाणे (२:१५)

माझ्यावर आमचे साहेब दोन वर्षांपूर्वी असेच ओरडले होते, अजून एक शब्द नाही. मी काय करू? मीच जाऊन विषय काढू का?

---

मुक्ता_प (२:२२)

खारे दाणे, तुमचा प्रश्न उलटा आहे, वेगळा धागा काढा, तिथे लिहिते. इथे मिसळला तर दोन्ही विस्कटतील.

चाकण, जागेबद्दल. स्वतःच्या केबिनमध्ये बोलावू नका. टेबलाच्या पलीकडे साहेब आणि अलीकडे अण्णा, ही बसायची तऱ्हा झाडाझडतीची आहे. शब्द कुठलेही असोत, खुर्च्या वेगळंच बोलतात. शॉप फ्लोअरवरही नाही. मशीन चालू असताना तिथे साधं बोलायलाही ओरडावं लागतं, आणि ओरडून मागितलेली माफी लांबून पुन्हा भांडणच दिसते. कँटीनमध्ये तर कान पसरलेलेच असतात.

---

स्पिंडल (२:२६)

स्टँडर्ड रूम. मोजमापाचं सीएमएम मशीन असेल तर खोली २० अंशांवर बंद ठेवलेली असते, दार लागतं, आवाज येत नाही. आणि ती अण्णांचीच जागा.

---

मुक्ता_प (२:३०)

उत्तम. फक्त इन्स्पेक्टर पार्ट घेऊन मध्येच आत येतो. तो आला की वाक्य अर्धवट सोडून "तर मग तो रिपोर्ट..." असं नाटक करू नका, ते फार वाईट दिसतं. गप्प राहा, तो गेला की पुढचं वाक्य. उभ्यानेच बोला, किंवा दोघंही बसा. तुम्ही उभे आणि ते बसलेले असं नको.

---

चाकण_शिफ्ट (२:४१)

ठीक. नेमकं बोलू काय? आणि "सॉरी" म्हणू की "माफ करा"? "दिलगीर आहे" कसं वाटेल?

---

निरगाठ (२:५५)

"दिलगीर" पत्रात शोभतं, तोंडी काढलंत तर रेल्वे स्टेशनवरची घोषणा वाटेल. "सॉरी" आता मराठीच झालंय, पण धक्का लागला तरी आपण सॉरीच म्हणतो. त्यामुळे ते एकटं ठेवलं तर हलकं पडतं. "माफ करा" चालेल. माझ्या मते सगळ्यात भरीव "मी चुकलो". पुन्हा बघा, "चुकलं" नाही. "चुकलं" म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलं. "चुकलो" म्हटलं की माणूस सापडतो.

मी असं मांडेन:

"अण्णा, सकाळी मी तुमच्यावर खेकसलो, तेही सगळ्यांसमोर. रात्री झोपला होतात काय, असं म्हणालो. तुम्ही १०:४२ लाच कळवलं होतं, मी मेसेज बघितला नव्हता. ऑफसेटही आमच्याच माणसाने चुकीचा टाकला होता. मी चुकलो. मला माफ करा."

आणि मग गप्प. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागत नाही. लोक यानंतर घाबरून बोलत राहतात, आणि तिसऱ्या मिनिटाला ते फोन, ते टेन्शन, सगळं आपोआप बाहेर येतं.

---

वसंतराव_नाशिक (३:०२)

"रात्री झोपला होतात काय" हे पुन्हा कशाला उच्चारायचं? जखमेवरची खपली काढण्यासारखं आहे. नुसतं "जे बोललो ते बोलायला नको होतं" म्हणा की.

---

निरगाठ (३:१०)

"जे बोललो ते" म्हटलं की अण्णांना कळत नाही की तुम्हाला नेमकं काय खुपतंय. सुराबद्दल बोलताय, झोपेबद्दल की "अडवायलाच बसलंय"बद्दल? एकदाच, साध्या आवाजात, सकाळचा सूर न लावता म्हटलं तर खपली निघत नाही. हां, शब्द शिवीसारखा किंवा फारच लागणारा असेल तर तो पुन्हा उच्चारू नये, खूण करून पुढे जावं. हा प्रसंग तसा नाही.

---

मुक्ता_प (३:१४)

इथे मी वसंतरावांच्या बाजूने थोडी झुकते. वयाने मोठ्या माणसाला "झोपला होतात" हे दुसऱ्यांदा ऐकवणं मला जड जाईल. "तुमचं डिपार्टमेंट अडवायलाच बसलंय, असं मी म्हणालो, ते खोटं होतं" हे वाक्य घ्यावं. खरा घाव तिथे आहे, त्यांच्या कामावर. झोपेचं वाक्य सोडून दिलं तरी चालेल.

वयाचा आणखी एक धोका. वाकून पाया पडणं, हात हातात धरून ठेवणं, डोळ्यांत पाणी, यातलं काही करू नका. वयाने मोठा पण हुद्द्याने खालचा माणूस अशा वेळी इतका अवघडतो की तोच तुमची समजूत काढायला लागतो. मग माफी कोण कुणाची मागतंय तेच कळत नाही.

---

चाकण_शिफ्ट (३:२०)

ते काय म्हणणार मला आत्ताच माहीत आहे. "अहो जाऊ द्या साहेब, चालायचंच."

---

निरगाठ (३:३२)

बहुतेक तेच म्हणतील. म्हणून त्याची तयारी हवी, कारण नव्वद टक्के गोंधळ याच वाक्यानंतर होतो. लोक हुश्श करतात, "मग राग गेला ना?" असं विचारतात आणि पाठीवर थाप मारून निघतात. "जाऊ द्या" म्हणजे माफ केलं असं नाही. साहेबाला दुसरं काही म्हणता येत नाही, म्हणून म्हटलेलं असतं.

त्यावर एकच वाक्य. "तुम्ही जाऊ द्या म्हणताय, पण मला ते दुरुस्त करायचंय." आणि लगेच दुरुस्ती कुठली ते सांगा. "राग गेला ना" अजिबात विचारू नका, त्याला "नाही" हे उत्तर द्यायची त्यांना सोयच नाही.

आणि ते खरंच बोलायला लागले, की "साहेब, गेल्या महिन्यातही तुम्ही असंच...", तर मध्ये तोंड घालू नका. गेल्या महिन्याची हकिगत तुमच्या मते वेगळी असली तरीही. ती नंतर, दुसऱ्या दिवशी. आज फक्त "हो, ऐकतोय".

---

मुक्ता_प (३:४०)

दुरुस्तीचं सांगते, कारण तिथेच माफी बोलण्यातली राहते की खरी होते ते ठरतं. आजच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये या होल्डबद्दल काय लिहिलंय?

---

चाकण_शिफ्ट (३:४७)

आत्ता उघडून बघितलं. "क्वालिटीकडून होल्डची माहिती उशिरा मिळाली. कृती: क्वालिटी. मुदत: शुक्रवार."

---

मुक्ता_प (३:५६)

बघा. तुम्ही संध्याकाळी माफी मागाल आणि कागदावर दोष अण्णांच्याच नावावर राहील. तीन महिन्यांनी कुणी ऑडिटमध्ये फाइल उघडली की त्यात तुमची माफी नसेल, "उशिरा मिळाली" मात्र असेल. अण्णा शुक्रवारपर्यंत न केलेल्या चुकीवर उपाय लिहीत बसतील.

भेटण्याआधी मिनिट्स दुरुस्त करू नका, कारण त्यांच्याशी न बोलता झालेली दुरुस्तीही त्यांच्यावर लादल्यासारखीच होते. भेटीत विचारा: "मिनिट्समध्ये उशिरा मिळाली असं गेलंय, ते मी बदलून पाठवतो. उद्या ९ ला एक वाक्य बोललो तर चालेल ना?" मिनिट्स बदलायला परवानगीची फार गरज नाही, ती वस्तुस्थिती आहे. मीटिंगमध्ये बोलायला मात्र आहे. काहींना पुन्हा सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळलेले नको असतात.

बोलायचं झालंच तर होल्डचा मुद्दा येईल तेव्हाच, कामाच्या भाषेत: "काल मी म्हणालो माहिती उशिरा आली, ते चुकीचं होतं. क्वालिटीने रात्री १०:४२ ला कळवलं होतं, मी बघितलं नाही." बस. "अण्णांची मी काल माफी मागितली" हे सांगायचं नाही. एकट्यात मागितलेली माफी चारचौघांत मिरवली की ती एकट्यात मागितली नव्हती असं होतं.

---

वसंतराव_नाशिक (४:०५)

म्हणजे शेवटी सगळ्यांसमोरच! मी काय वेगळं म्हणालो होतो?

---

मुक्ता_प (४:०९)

माफी नाही हो, दुरुस्ती. पण तुमच्या पहिल्या म्हणण्यात हा धागा होता, हे मान्य.

अजून एक सांगते, चाकणच्या प्रसंगाला ते लागू नाही, पण इथे वाचणारे अनेक आहेत. मीटिंगमधलं बोलणं जातीवरून, बाई असण्यावरून किंवा तसल्या अर्थाचं असेल तर "एकट्यात माफी मागून मिटवू" हा रस्ता धरू नये. लैंगिक छळाच्या तक्रारीत २०१३ च्या कायद्याने समेटाची वाट ठेवली आहे, पण ती तक्रार करणाऱ्या बाईनेच मागायची असते. दुसऱ्या बाजूने बंद खोलीत गाठून माफी मागणं तिच्यावर दबाव ठरू शकतं.

---

स्पिंडल (४:१२)

डेव्हिएशनचं काही कळलं का?

---

चाकण_शिफ्ट (बुधवार, सकाळी १०:२०)

काल ४:४५ ला स्टँडर्ड रूममध्ये गेलो. झोपेचं वाक्य वगळलं, "अडवायलाच बसलंय"चं घेतलं. "मी चुकलो" खरंच घशाशी अडकलं. अपेक्षेप्रमाणे "जाऊ द्या साहेब". मी म्हटलं, मिनिट्स बदलतो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाले, "ते बदला. मीटिंगमध्ये मात्र काही बोलू नका." मग बराच वेळ व्हर्नियर पुसत होते. मी थांबलो. निघताना म्हणाले, "माझ्या हाताखालची दोन पोरं त्या मीटिंगला होती." एवढंच.

मिनिट्स रात्री ८ ला बदलून सगळ्यांना पाठवले. कृती प्रॉडक्शनकडे घेतली: इन्सर्ट बदलला की पहिला पार्ट क्वालिटीकडे मोजूनच पुढे जायचं. ग्रुपही अनम्यूट केला.

आज मीटिंगला ते आले, नेहमीसारखं बोलले. पण सकाळचा रिपोर्ट ते मला फोन करून सांगायचे, तो आज मेलवर आला, आमच्या दोघांच्या साहेबांना कॉपी ठेवून. याचा अर्थ काय घ्यायचा?

---

निरगाठ (१०:४१)

अर्थ असा की पुढच्या वेळी १०:४२ चा पुरावा मेसेजपेक्षा भक्कम असावा, असं त्यांनी ठरवलंय. त्यांच्या जागी ते शहाणपणाचंच आहे. "मेल कशाला, फोन करा ना अण्णा" असं म्हणू नका. ते तुम्हाला हवंय, त्यांना नाही. मेल आला की तासाभरात एका ओळीचं उत्तर द्या, कॉपी तशीच ठेवून. फोन परत सुरू होईलही, नाहीही.

त्यांचं निघतानाचं वाक्य मात्र सोडू नका. लागलं ते मुख्यतः त्या दोन पोरांसमोर. मीटिंगमध्ये बोलू नका म्हणाले, पण त्या दोघांना तुम्ही बोलता बोलता सांगू शकता की होल्ड बरोबर होता आणि वेळेत होता. इन्सर्ट बदलल्यावर पहिला पार्ट मोजायला तेच येणार ना?

---

मुक्ता_प (१०:४६)

मला हे धोक्याचं वाटतं. "मीटिंगमध्ये बोलू नका" याचा अर्थ कदाचित "यावर आणखी बोलू नका" असाच असेल. बदललेले मिनिट्स त्या पोरांनीही वाचलेच असतील. मी असते तर इथे थांबले असते.

---

चाकण_शिफ्ट (१०:५५)

तुम्हा दोघांचं वाचून अजून ठरत नाही. शुक्रवारपर्यंत बघतो.

स्पिंडल, ग्राहकाने डेव्हिएशन नाकारलं. बुश चालणार नाही म्हणाले. ३२० स्क्रॅप. अहवालावर पहिली सही माझी, दुसरी अण्णांची.